चौदा सेकंदांचा सत्कार

जानेवारीचा शेवटचा शनिवार. दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर बाजूला सारून मी स्नेहसंमेलनाच्या फिल्मचं निवेदन घड्याळ लावून वाचत होते. लिहिलं होतं मुख्याध्यापकांनी, आवाज द्यायचा होता मी.

पाहुण्यांच्या सत्काराचं दृश्य चौदा सेकंदांचं. नीट वाचलं तर त्यात तीसेक शब्द बसतात. सरांनी सात पाहुणे कोंबले होते आणि प्रत्येकाआधी आदरणीय, सन्माननीय, शिक्षणप्रेमी. जन्मभर माइक धरून सूत्रसंचालन केलेल्या माणसाला पडद्यावर चित्र पुढे सरकत असतं, हे सुचतच नाही.

पडद्यावर शाल-नारळ संपले, आठवीच्या मुलींचा गौरी नाच सुरू झाला, आणि मी अजून चौथ्या सन्माननीयांपाशीच. सातवे संपले तेव्हा नाचही संपला होता.

या मुलींचे आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेले. संमेलनाला एकही आई आली नव्हती. त्यांना नाच दिसणार तो मोबाइलवर, याच फिल्ममध्ये. आणि ढोलाऐवजी त्यांनी कुठल्याशा माजी सभापतींची बिरुदं ऐकायची.

"सर, नावं खाली पट्टीवर टाकू. बोलायला नकोत," मी म्हटलं.

"बाई, पट्टी वाचतंय कोण? नाव कानावर पडलं पाहिजे. हवं तर नाच काढा. तो काय, नेहमीचाच असतो."

नेहमीचे असतात ते सत्कार, असं मी सांगितलं. उपयोग झाला नाही.

शूटिंगवाला वाशिंदचा, लग्नं टिपून टिपून कंटाळलेला. तो म्हणाला, "नाच काढला तरी चित्र कुठून आणू सर? तुमी लिवलाय तेवढा सत्कार नाय माझ्याकडं."

"मग स्लो मोशन करा. लग्नात हार घालताना करता तसं."

"करतो की."

त्याने तिथेच लॅपटॉपवर करून दाखवलं. शाल सावकाश उलगडली. तिच्यामागे संस्थेच्या अध्यक्षांचं तोंड सावकाश उघडत गेलं. साध्या वेगात ही जांभई कुणाच्या लक्षातही आली नव्हती. आता त्यांच्या दाढा मोजता येत होत्या.

"थांबा सर, अजून उघडतंय," शूटिंगवाला म्हणाला. "तोंडावर हात मंग येतो."

"बंद करा ते! पट्टीच टाका," सर म्हणाले आणि अध्यक्ष आत येत असल्यासारखे दाराकडे बघू लागले.

मुलींची कीव त्यांना आली नाही, अध्यक्षांची भीती मात्र लगेच वाटली. आमच्या शाळेत कामं होतात ती अशीच. मी पट्टीसाठी सात नावं लिहून दिली. बिरुदं दिली नाहीत.

रविवारी सकाळी रिकाम्या शाळेत प्रयोगशाळेचा पंखा बंद केला, खिडक्या लावल्या आणि आवाज दिला. सत्कारावर एकच वाक्य बोलले. मग नाच आला. "आठवीच्या मुली," एवढं म्हटलं आणि ढोल थांबेपर्यंत तोंड मिटून बसले.