त्याच्या तोंडून बोलणारं घर

नव्या रायपुरात, छत्तीसगडच्या नव्याने वसणाऱ्या राजधानीत, तेव्हा माणसांपेक्षा दिव्यांचे खांब जास्त होते. यवतमाळहून मी तिथल्या एका सरकारी संस्थेत नोकरीला आले आणि अर्ध्याहून अधिक रिकाम्या इमारतीत भाड्याने राहू लागले. संध्याकाळी रुंद रस्ते लख्ख उजळायचे आणि खाली चिटपाखरू नसायचं. लिफ्ट कुणी न बोलावता माझ्या मजल्यावर यायची, दार उघडायची, परत जायची. मी भित्री नाही, पण कडी दोनदा तपासायची.

तो माझ्याच संस्थेतला. आठवडाभर इथे खोली करून राहायचा, शनिवारी जुन्या रायपुरातल्या चौबे कॉलोनीतल्या घरी जायचा. घरचे मूळ नागपूरकडचे, वडील रेल्वेतून निवृत्त. मराठी त्याला सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतच. आम्ही लग्न करायचं ठरवलं होतं आणि त्याच्या आईला ते नको होतं. कारण माझी जात. तिने मला पाहिलंही नव्हतं. इकडे मला नागपूरच्या शाखेत जायची संधी आली होती आणि याच्यापायी मी उत्तर लांबवत होते.

सोमवारी घरून परत यायचा तो कुणी दुसराच असायचा. "जेवलास का?" एवढंच विचारलं, तर माझ्याकडे न पाहता म्हणायचा, "काहून मागे लागून राहिली तू? लोकं काय म्हणतीन, काही आहे का तुले?" हिंदी बोलणाऱ्या त्या पोराच्या तोंडून अस्सल वऱ्हाडी, तीही एखाद्या वयस्क बाईच्या हेलात. अंगावर काटा यायचा. दोन-तीन दिवसांनी तो परत त्याचा व्हायचा, हिंदीत माफी मागायचा, गरम भजी घेऊन यायचा.

त्या थंड दिवसांत मी स्वतःचीच उलटतपासणी घ्यायची. जास्त बोलले का? कमी बोलले का? खरं तर त्या थंडपणाशी माझा काडीचा संबंध नव्हता. घरी भांडण होतच नसे. आई फक्त त्याच्यासोबत जेवायला बसायची नाही, बीपीची गोळी त्याच्यासमोर घ्यायची आणि "तुझी मर्जी" म्हणायची. तो अपराधीपणा घेऊन यायचा आणि माझ्यापासून दूर राहून फेडायचा. हे कळलं तशी मी त्याच्या गारठ्याला घाबरेनाशी झाले. त्याच्या मायेवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवत राहिले. तो गोड वागला की मला वाटायचं, घरी माझ्यासाठी भांडून आला.

दिवाळीनंतर तर तो इतका गोड झाला की मला स्वतःचा हेवा वाटावा. एकही सोमवार थंड गेला नाही. तलावाकाठी हात धरून घराच्या खिडक्या कुठे असाव्यात ते बोलायचा. "घरी बोललास?" विचारलं की, "सब ठीक हो गया है, टेंशन मत लो."

संक्रांतीला म्हणाला, "मम्मीने हल्दी-कुंकू में बुलाया है." मी हरखलेच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ऑफिसातल्या बायकांनाही बोलावतात, हे लहानपणापासून पाहिलेलं मी साफ विसरले. नवी काळी साडी नेसून गेले.

दार त्यानेच उघडलं. "आइए, दीदी," म्हणाला. मला वाटलं, गंमत करतोय. मग आत वळून त्याने आईला माझं आडनाव सांगितलं. ते माझं नव्हतं. त्यांच्या जातीत चालेल असं कुठलंतरी होतं आणि त्याने ते न अडखळता सांगितलं.

आईने मला हळदकुंकू लावलं, तिळगूळ दिला, वाण म्हणून स्टीलची वाटी दिली. तिचं बोट थंडगार होतं. "काहून उभी राहून राहिली तू? बस नं," ती म्हणाली. दर सोमवारी मी हाच आवाज ऐकत आले होते.

"तुमच्या ऑफिसात एखादी चांगली पोट्टी असंन तर सांग बाई याच्यासाठी," ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली. "एक होती मागे लागलेली. पण दिवाळीत यानं माझ्या गळ्याची शपथ घेऊन सांगितलं, तो विषय संपला म्हणून. तवापासून मी सुखानं जेवून राहिली."

दिवाळीत. त्याची ती सगळी माया घरी मला पुसून टाकल्यावरची होती. तिकडे ताण उरला नाही, म्हणून इकडे तो मोकळा. त्याचं वागणं माझ्याशी कसं आहे हे मी पाहत बसले; मी नसताना तो माझ्याबद्दल काय बोलतो, पाहायला हवं होतं तेवढंच.

तो मला फाटकापर्यंत सोडायला आला. खोटेपणाचा लवलेशही चेहऱ्यावर नव्हता. खरोखरच खूश होता आणि त्याचीच मला सगळ्यांत जास्त भीती वाटली.

"देखा? मम्मी को तुम कितनी पसंद आईं!"

"कोण आवडली रे त्यांना?" मी विचारलं.

त्याला प्रश्नच कळला नाही. तो हसत उभा राहिला. मी दुसऱ्या दिवशी नागपूरला होकार कळवला.