खाऊन-पिऊन साडेचारशे

अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालो त्या वर्षी माझ्यापुढे दोन नोकऱ्या आल्या, आणि त्यांतली कोणती फायद्याची हे मला शेवटपर्यंत काढता आलं नाही. मागणीचा वक्र मी डोळे मिटून काढू शकत होतो. पण वक्राला जेवण लागत नाही, अंथरूण लागत नाही, आणि रविवारी त्याला गावी जावंसं वाटत नाही.

माझं गाव दोंडाईच्याजवळ. आबा आयुष्यभर एकाच शेतकऱ्याकडे सालदार होते. माय दोंडाईच्याला मिरचीच्या वखारीत देठं खुडायला जायची. संध्याकाळी तिचे हात इतके भगभगायचे की भाकरी थापायच्या आधी ती ते ताकात बुडवून बसायची. मला बी.एड. करायचं होतं, म्हणजे पुढच्या जूनमध्ये अर्ज आणि जुलैत प्रवेश. फी, वसतिगृह, पुस्तकं आणि वर्षभराचं जेवण धरून चार हजार तरी हातात हवे होते. वेळ होता जुलै ते जून. एवढाच प्रश्न होता, आणि परीक्षेत असता तर मी तो सोडवलाही असता.

पहिली नोकरी जळगावची. औद्योगिक वसाहतीत प्लॅस्टिकच्या चटया विणायचा कारखाना होता, तिथे माझा मामेभाऊ आधीपासून होता. पगार नऊशे. ऐकून मी हुरळलो, तेव्हा त्याने मला स्टेशनवरून थेट आपल्या खोलीवर नेलं.

खोलीत चार खाटा आणि नऊ माणसं. मी विचारलं, "बाकीचे झोपतात कुठे?"

"खाटेवरच. पण तवा आम्ही मशीनवर ऱ्हातस," तो म्हणाला. "पाळी सुटनी का माणूस उठस, दुसरा पडस. गादी कधी थंडी व्हत नही. हिवाळामा बरं पडस."

मग त्याने कपातीचा पाढा म्हटला. प्रॉव्हिडंट फंडाचे पंचाहत्तर, खोलीचे साठ, मेसचे दोनशे साठ. हातात पाचशे पाच. मेसचा एक नियम त्याने जरा आवाज खाली आणून सांगितला, कारण मेसवाला दारात उभा होता. खाडा धरायचा तर आदल्या संध्याकाळी वहीत नाव लिहायचं, आणि सलग तीन दिवस जेवला नाहीत तरच पैसे वजा. रविवारी गावी गेलात तर गावी माय जेवू घालते आणि इथे मेसवालाही तुमच्या नावाने जेवतो.

"आणि फंड?" मी विचारलं. "ते तर आपलेच पैसे ना?"

"आपलेच. मालक बी तितलाच टाकस. पन नोकरी सोडाना नंतर दोन महिना रिकामा बस, मंग अर्ज कर, मंग ते धाडतीन तवा."

म्हणजे जूनमध्ये सोडली तर ऑगस्ट उजाडून जाणार. फी जुलैत. माझेच पैसे, मला नको तेव्हा मिळणारे. मी पंचाहत्तर रुपये एकदा बचतीत मांडले, एकदा खर्चात मांडले, आणि दोन्ही उत्तरं बरोबर आली.

एक गोष्ट मात्र तिथे होती. आठ तासांची पाळी सुटली की फाटकाबाहेरचा माणूस आपला स्वतःचा. मामेभाऊ रोज गावात फिरायचा, वाचनालयात पेपर चाळायचा, आठवड्याला दोन सिनेमे बघायचा. या स्वातंत्र्याचे दरमहा किती पडतात, असं मी विचारलं. तो म्हणाला, "तू बी.ए. शे ना? मंग तूच गणित कर."

दुसरी नोकरी धुळ्याची, आग्रा रोडवरच्या एका मोठ्या हॉटेलात, काउंटरवर बसून बिलं करायची. हॉटेलचा मालक आबांच्या शेतमालकाचा साडू, म्हणून ओळख. पगार साडेचारशे, पण "खाऊन-पिऊन, राहून". कपात काही नाही. हे ऐकल्यावर आबांचा चेहरा उजळला. नऊशेचं त्यांना काही कळत नव्हतं, पण खाऊन-पिऊन हा शब्द त्यांच्या धंद्यातला होता. सालदाराचा करार असाच असतो: वर्षाचे इतके, खाणं मालकाचं. त्यांनी शेतमालकाकडून एक दिवस मागून घेतला, धुवट टोपी घातली आणि माझ्याबरोबर धुळ्याला आले.

हॉटेलच्या दारात सिमेंटचं कारंजं होतं, त्यात पाणी सोडून सगळं होतं. काउंटरमागे पाटी होती: 'आमचा स्टाफ हेच आमचे कुटुंब.' मालक सफारीत होता. त्याने मला इंग्रजीत दोन प्रश्न विचारले, मी मराठीत उत्तरं दिली, आणि दोघांनाही बरं वाटलं. मग त्याने अटी सांगितल्या. पहिला महिना पगार अडकलेला राहील, सोडताना मिळेल. फुटलं-तुटलं, गल्ल्यात कमी आलं, तर वजा. सुट्टी पंधरा दिवसांनी एक. आणि बी.ए.ची मूळ गुणपत्रिका कपाटात राहील. "सांभाळायला," तो म्हणाला. माझी गुणपत्रिका पाहता तिला चोराची भीती नव्हती.

मी महिन्याच्या पगाराबद्दल काही बोलणार, तेवढ्यात आबा पुढे झाले.

"शेठ, महिनानं नका सांगू. वरीसनं सांगा."

मालक हसला. सफारीतून एकदम शेतकरी बाहेर आला. "वर्षाचे चोपन्नशे होतात, भाऊ."

"मंग निम्मे आते द्या. बाकीना महिनाले देत चला."

मला जमिनीत जावंसं वाटलं. काउंटरचा क्लार्क आगाऊ उचल मागत नाही. निदान माझ्या पुस्तकांत मागत नव्हता. पण मालकाने विचारलं, "जामीन कोण?" आबांनी आपल्या शेतमालकाचं नाव घेतलं, मालकाने फोन लावला, साडूंचं बोलणं झालं, आणि सत्तावीसशे रुपये आबांच्या हातावर आले. महिन्याला सव्वादोनशे उरले. बाहेर आल्यावर आबा म्हणाले, "बठ्ठं फिटनं." सगळं फिटलं? मला वाटलं, उलट आहे. ज्याने अर्ध्या वर्षाचा पगार आधीच घेतला तो वर्षभर कुठे जाणार? जूनमध्ये मी मोकळा होईन का, हे मी त्यांना विचारलं. त्यांनी मलाच उलट विचारलं, "वरीस भरावर कोन ठेवस?"

त्यांनी ते पैसे पोस्टात टाकले.

कामाचं असं होतं की सकाळी सातला बसायचं ते तीनला उठायचं, परत सहाला बसायचं ते अकराला उठायचं. मधले तीन तास माझे होते, पण मालकाची हाक फाटकापर्यंत पोचायची, त्यामुळे ते पूर्ण माझे नव्हते. स्टाफचं जेवण चारला. जे गिऱ्हाइकांनी मागितलं नाही ते आम्हाला मिळायचं. पाहुण्यांसाठी पनीर, कुटुंबासाठी मटकी. झोपायला गच्ची. फुकट होतं, नाही असं नाही. पण सकाळी अकराला भूक लागली की बाहेर जाऊन वडापाव खायचा, आणि तो कुठल्याच कराराच्या रकान्यात नव्हता. वेटर लोकांना टिप मिळायची. काउंटरला गल्ला कमी आल्याचा भुर्दंड. एकदा ट्रकवाल्यांच्या टोळक्याने पंचाहत्तर रुपये बुडवले, ते माझ्या नावावर आले. ग्लास फुटला की वेटर सांगायचे, "मॅनेजरसाहेबांचा धक्का लागला." मला साहेब म्हणायचे, एवढं खरं. ग्लासाचे तीन रुपये.

दिवाळीला मामेभाऊ भेटला. मी विचारलं, किती साठले? त्याने शर्टाची कॉलर दाखवली. नवा होता. "हाऊच साठना," तो म्हणाला. मला आधार वाटावा की भीती, हे कळलं नाही.

एप्रिलपर्यंत माझ्या सव्वादोनशेतून सहाशे साठले. पोस्टातले सत्तावीसशे मात्र जसेच्या तसे होते. ते माझ्या हातातच कधी आले नव्हते, त्यामुळे त्यांतून ग्लास वजा होत नव्हता. मी पगार महिन्याने मोजत होतो. आबांनी तो कपातीच्या आधीच काढून घेतला होता. हे मला कुठल्याही प्रकरणात शिकवलं नव्हतं.

मग मे महिन्यात, आखाजीच्या दिवशी, आबा धुळ्याला हजर झाले. खान्देशात सालदाराचं साल आखाजीला संपतं. त्या दिवशी जुने मोकळे होतात, नवे ठरतात, आणि अक्षय्य तृतीयेच्या नावाखाली पुरणपोळी खाऊन सगळे मालक बदलतात. मी जुलैत लागलो होतो. आबांच्या डोक्यात वर्ष म्हणजे आखाजी. मधूनच आलेला सालदार आखाजीलाच सुटतो. मालकाच्या डोक्यात वर्ष म्हणजे बारा महिने. दहा महिन्यांपूर्वी दोघं एकच शब्द बोलले होते आणि दोघांनाही पूर्ण समजलं होतं.

"वरीस भरनं शेठ. पोऱ्याले मोकळं करा."

"भाऊ, जुलै यायला दोन महिने आहेत. हे हॉटेल आहे, वावर नाही."

मी मध्ये पडून समजावू लागलो. दोघांनीही मला गप्प केलं, त्यात त्यांचं एकमत झालं. मालकाचं म्हणणं कागदाने बरोबर होतं. माझ्या अर्जाला मूळ गुणपत्रिका लागणार होती, आणि ती कपाटात होती.

योगायोग म्हणावा तर नव्हता, कारण आखाजीच होती: हॉटेलच्या ओट्यावर मालकाचे स्वतःचे चार सालदार हिशेबाला येऊन बसले होते. शेती त्याची नशिराबादकडे, पण बैठक इथे. आबांनी त्यांच्याकडे बघितलं आणि अगदी सहज विचारलं, "ह्या बठ्ठा आज मोकळा व्हयनात ना, शेठ?"

ते चौघं वर बघू लागले. त्यांतले दोघे मालकाला पुढच्या सालासाठी हवे होते. आखाजी न मानणाऱ्या मालकाची बातमी संध्याकाळपर्यंत कितीतरी गावांत पोचली असती. मालकाने किल्ल्या काढल्या.

पुढचा हिशेब त्याने स्वतः मांडला. दहा महिन्यांचे पंचेचाळीसशे झाले, मी सत्तेचाळीसशे पंचवीस घेतले होते, अडकवलेला पहिला महिना वेगळा. तो महिना त्याने ठेवून घेतला आणि जास्तीचे सव्वादोनशे सोडून दिले. "आपल्या माणसाला मी अडवत नसतो," असं तो चौघांना ऐकू जाईल असं म्हणाला. गुणपत्रिकेवर कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास होता.

बसमध्ये मी आबांना सांगितलं, तेहेतीसशे आहेत, सातशे कमी पडतात. ते म्हणाले, "जेवाना कितला धरात?" मी म्हटलं, वसतिगृहाची मेस स्वस्त आहे, महिन्याला शंभर. "मंग जेवण पैसासवर कसाले घेस?" त्यांचं म्हणणं होतं, तिथेही खाऊन-पिऊन राहायचं.

मी ते हसण्यावारी नेलं, आणि जुलैत बी.एड.च्या वसतिगृहात पोचल्यावर मेसच्या सेक्रेटरीला तेच विचारलं. त्याला खाड्यांची वही लिहायला माणूस हवा होता. त्या बदल्यात दोन वेळचं जेवण. मी हो म्हटलं. पहिल्याच रविवारी सकाळी एक मुलगा गावी निघाला होता, त्याने खाडा लिहायला सांगितला. मी नियम वाचून दाखवला: आदल्या संध्याकाळी, सलग तीन दिवस. त्याने विचारलं, हे बरोबर आहे का? मला माहीत नव्हतं. मी त्याचं नाव पेन्सिलने लिहून ठेवलं.