यू घालायचा की गाळायचा

भोरच्या हायस्कुलात मी नवा इंग्रजी शिक्षक होतो, तेव्हा हेडमास्तरांनी मॅट्रिकच्या मुलांसाठी स्पेलिंगची यादी माझ्याकडे सोपवली. ती विलायती आणि अमेरिकन अशा दोन पुस्तकांतून उतरवलेली होती. त्यामुळे 'कलर' यू घालून लिहिलेला, तर 'ऑनर' यू गाळून. परीक्षेला विलायती पद्धतच चालायची.

मी घाईनं ठरवलं, शेवटी ओआर आलं की आत यू घालायचा. तशी यादी फळ्यावर लिहून दिली. दुपारी जेवायला बसलो आणि एकदम लक्षात आलं. 'डॉक्टर' आणि 'मिरर' या शब्दांतही मी यू घातला होता! विलायतेतही तिथं यू नसतो. ताट तसंच ठेवून मी कोश काढला आणि एकेक शब्द ताडून पाहिला.

हेडमास्तरांना जाऊन सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "नियम लावलात, शब्द पाहिले नाहीत. आता मुलांना तुम्हीच सांगा."

दुसऱ्या दिवशी वर्गात चूक कबूल केली. पासली गावचा एक मुलगा म्हणाला, "मास्तर, आमी त्यो यू कुठं कुठं खोडायचा?"

सगळा तास आम्ही खोडाखोड केली. पण चार मुलं गैरहजर होती. त्यांच्या वह्या हाती येईपर्यंत मला चैन पडलं नाही.