दाराआतला आवाज

इंग्रजी पुस्तकात त्या दोन ओळी रोमन लिपीत होत्या, म्हणून वाचताना त्यांची भीती वाटली नव्हती. मी त्या देवनागरीत लिहून काढल्या आणि हात थांबला.

पुस्तक एका परदेशी परिचारिकेच्या आठवणींचं होतं, आणि मी त्याचा मराठी अनुवाद करत होते. तरुणपणी ती युद्धातून पळून आलेल्या लोकांच्या छावणीत काम करत होती. तिच्या वॉर्डात एक मध्यमवयीन बाई होती, कोणाशी न बोलणारी. संध्याकाळी कंदील लागले की ती फारसीतल्या दोन ओळी पुन्हा पुन्हा म्हणायची. परिचारिकेला फारसी येत नव्हती. कानाला ऐकू आलं तसं तिने टिपून घेतलं. 'ती प्रार्थना करत होती, आणि त्या प्रार्थनेने मला त्या छावणीत तगवलं,' असं तिने लिहिलं होतं. पुस्तकाचा शेवट त्याच ओळींनी होता, अर्थ न देता.

इंग्रजी वाचकाला तो नुसता नाद होता. मराठी वाचकाचं तसं नसतं. आपल्या बोलण्यात फारसी इतकी मुरलेली आहे की देवनागरीत लिहिताच शब्द ओळख देऊ लागले. बंद. आवाज. दर म्हणजे दार, हेही कळत होतं. पंचवटीतल्या आमच्या घरात भरदुपारी, खालच्या गल्लीत भाजीवाल्याची हाळी चालू असताना, माझ्या अंगावर काटा आला. ही प्रार्थना वाटत नव्हती.

पुण्याच्या संपादकांना फोन केला. ते म्हणाले, "ओळी तशाच ठेवा, खाली तळटीप द्या, प्रार्थना म्हणून. लेखिकाच तसं म्हणते ना?"

"ओळींचा अर्थ तसा नसेल तर?"

"तुम्हाला फारसी येते का?"

येत नव्हती. म्हणून दुसऱ्या दिवशी रिक्षा करून गोदावरीपलीकडे, आम्ही तिला गंगाच म्हणतो, जुन्या नाशकात गेले. तिथे उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक सर राहतात. त्यांनी फारसीचा रीतसर अभ्यास केलेला आहे. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला, ओठांतल्या ओठांत वाचलं आणि मग मोठ्याने. रोमनमध्ये ऱ्हस्व-दीर्घ हरवलं होतं, ते त्यांनी नीट बसवलं.

"ताई, हे कोण म्हणत होतं?"

मी सांगितलं.

त्यांनी कागद मांडीवर ठेवला. "दार बंद आहे, म्हणते. आतून आवाज येतोय. उघडणारा कुठे गेला, असं विचारते."

आत त्यांच्या सूनबाई भांडी लावत होत्या. तो खणखणाट मला सहन होईना.

"म्हणजे कोणीतरी आत अडकलं होतं? आणि ही रोज सांगत होती?"

"घाई करू नका. याला वजन आहे, म्हणजे वृत्त; ही कविता असणार. पण एका ठिकाणी वजन अडखळतंय. मला शोधू द्या."

ते दिवस मी कसे काढले ते आठवायला नको वाटतं. पुस्तकाचं बाकीचं काम पुढे जाईना. माझ्या डोळ्यांपुढे एक पडकं घर यायचं, आणि त्या घरापासून दूर खाटेवर बसून सांगत राहिलेली एक बाई. सगळ्यांनी तिला देवभोळी ठरवलं होतं. ती मदत मागत होती आणि ऐकणारीने तिची हाक स्वतःसाठी आधार म्हणून वापरली, असं तर नव्हतं? आणि ती ऐकणारी अजून हयात होती. म्हातारी, एकटी राहणारी. हे तिला सांगायचं कोणी? मराठीत छापल्यावर हजारो अनोळखी माणसांना कळेल आणि तिला कळणार नाही, हे तर त्याहून वाईट.

मग सरांचा फोन आला. "सापडलं. जुनी कविता आहे. आणि ताई, ती तुम्हाला पाठ असणार."

त्यांनी मराठी सुरुवात सांगितली आणि पुढची ओळ मीच म्हटली. शाळेत रोज सकाळी आम्ही ती म्हणायचो. आपल्याकडच्या एका जुन्या कवीने इंग्रजीवरून केलेला तो अनुवाद. त्यात देवाचं दार आहे, दाराशी उभा भक्त आहे, करुणा आहे. मूळ फारसीत देवाचं नावसुद्धा नाही, सर म्हणाले. एक माणूस बंद दाराबाहेर उभा राहून हाका मारतोय, एवढंच.

मला हायसं वाटलं. कविता होती. बाई कविता म्हणत होती. ते प्रसिद्ध मराठी कडवं तिथे ठेवलं की संपादकही खूश होतील, वाचकांचे डोळेही भरून येतील.

"पण ते वजन अडखळत होतं ना," सर म्हणाले, "ते यामुळे. कवितेत 'बेरून' आहे, बाहेरून. तुमच्या कागदावर 'दरून' आहे. आतून. एकच शब्द."

"परिचारिकेच्या कानाची चूक असेल."

"असेल. ब आणि द. लांबून ऐकलं तर होऊ शकतं. नाहीतर त्या बाईने शब्द बदलला असेल. हे मी कसं सांगणार?"

आता विचारण्यावाचून गत्यंतर नव्हतं. संपादकांकडून लेखिकेचा नंबर घेतला. फोन लावला. आवाज म्हाताऱ्या बाईचा होता, खणखणीत. मी आधी फक्त एवढंच विचारलं, की तो शब्द तुम्हाला नक्की कसा ऐकू आला होता.

"दरून," ती लगेच म्हणाली. "मी खाटेशेजारी बसायचे. तिचा हात माझ्या हातात असायचा. का विचारताय?"

मी सांगितलं. कविता काय आहे ते सांगितलं, तिच्यात कोणता शब्द आहे ते सांगितलं, आणि मग बदललेला शब्दही.

"दुसरा हात ती भिंतीकडे करायची," ती म्हणाली. "मला वाटायचं, ती दिशा तिच्या देवाची असेल." आणि मग, "ती प्रार्थना नव्हती का?"

"मला माहीत नाही."

"तुम्ही काय करणार आहात?"

"तुम्ही सांगाल ते."

"माझं वाक्य बदलू नका. मला तेव्हा तसं वाटत होतं, ते खरं आहे. पण त्या ओळींवर दुसऱ्या कोणाचे सुंदर शब्द घालू नका. ती जे म्हणाली ते घाला."

पुस्तकात तेच केलं. शेवटच्या पानावर ओळी देवनागरीत, 'दरून'सकट, अडखळणाऱ्या वजनासकट. खाली माझा साधा गद्य अर्थ. शाळेतलं कडवं घेतलं नाही, त्याने त्या बाईचं तोंड बंद झालं असतं. अनुवादकाच्या टिपणात एवढंच लिहिलं, की या ओळी ज्या कवितेवरून आल्या तिचा मराठीत सर्वांना माहीत असलेला अनुवाद आहे, तो इंग्रजीवरून झाला आहे, आणि बाईच्या तोंडी मुळातला एक शब्द वेगळा आहे. तो का, हे कळलेलं नाही. संपादकांनी बरीच खळखळ केली, पण लेखिकेचा निरोप ऐकल्यावर मान्य केलं.

पहिली प्रत सरांना नेऊन दिली. त्यांनी शेवटचं पान वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "आत कोण होतं, त्या बाईने काही सांगितलं?"

"तिला कोणी विचारलंच नव्हतं," मी म्हटलं.