अकरा इंचांत बसणारं नाव

लताबाई शेजवळांच्या हाताखाली मी निफाडच्या अंगणवाडीत दोन वर्षं काढली. शिकलो काय, तर एकच गोष्ट. बाई आम्हाला नळावर हात धुवायला रांगेने न्यायच्या, तेव्हा सगळ्यात रेंगाळणारं पोर पुढे उभं करायच्या. ते चालेल तेवढंच बाकीच्यांनी चालायचं. बहुतेक वेळा ते पोर मीच असायचो. मागची पोरं कुरकुरली की बाई म्हणायच्या, "भूषण पोचंल तवा आपण पोचू."

पुढे मी, बुद्धभूषण पगारे, सातपूरला टी-शर्ट छापायचा धंदा टाकला. बाई रिटायर होऊन नाशिकला लेकीकडे, स्नेहाकडे, राहायला आल्या आणि वर्षभरात त्यांच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन, केमो, रेडिएशनचे शेक, सगळं झालं. दुसरी कोणी असती तर त्या इस्पितळाकडे फिरकली नसती. बाई दर मंगळवारी तिथे जाऊन बसायला लागल्या. फाइल कुठल्या खिडकीवर द्यायची, केस कितव्या दिवशी गळतात, रुमाल कसा बांधायचा, हे नव्या बायकांना सांगायच्या. त्यांना कोणी नेमलं नव्हतं, आणि फुकटचं माणूस कोण घालवतं?

मग इस्पितळाने कॅन्सर जनजागृतीची दौड काढायचं ठरवलं. नाव ठरवायला मीटिंग बसली. इस्पितळाचे व्यवस्थापक धनराज सर, प्रायोजक बिल्डरच्या ऑफिसातली मनाली, रुग्णांच्या वतीने बाई, आणि शर्ट छापणारा म्हणून मी. माझं काम एवढंच, की कुठलं नाव शर्टावर बसणार नाही ते सांगायचं.

धनराज सरांनी फळ्यावर लिहिलं, 'कर्करोगमुक्त नाशिक जनजागृती महादौड'. ते मोठ्या कौतुकाने फळ्यापासून दोन पावलं मागे सरकले.

मी म्हणालो, "सर, सगळ्या साइजना छपाईची फ्रेम एकच असते. त्यामुळे माप सगळ्यात लहान शर्टाचं धरावं लागतं. अकरा इंच रुंदी मिळते. एवढं लांब नाव घातलं तर अक्षरं मुंगीएवढी होतील, आणि जोडाक्षरांच्या पोटात शाई भरेल. खाली दुसरी ओळही घालता येणार नाही, तिथे पळणाऱ्यांचा नंबर पिनांनी लावतात. जे काय ते वर छातीवर, एका ओळीत."

सरांनी खट्टू होऊन नाव पुसलं.

"'विजयी दौड' ठेवू या," मनाली म्हणाली. "शॉर्ट आहे, पॉझिटिव्ह आहे. बऱ्या झालेल्यांना जांभळे शर्ट, पाठीवर 'मी जिंकले'. आणि होर्डिंगवर आपल्या लताताईंचा हसरा फोटो!"

टाळ्या वाजल्या. बाईंनी वाजवल्या नाहीत. का ते त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. तीन आठवड्यांपूर्वी स्कॅननंतर मीच त्यांना स्कूटरवर घरी सोडलं होतं. दुखणं परत आलं होतं, या खेपेला मणक्यात. आता औषध लागू पडेल तोवर घ्यायचं, संपायचं नाही. स्नेहालाही त्यांनी अजून सांगितलं नव्हतं.

"जिंकलेल्यांची दौड म्हनता," बाई म्हणाल्या, "मंग बाकीच्यांनी कुठं उभं राहायचं? मंगळवारी माझ्याजवळ येतात त्यातल्या किती जनींचं औषध कधीच बंद व्हनार नाय. त्या काय हरल्या?"

"ताई, लोकांना होप द्यायचीय ना आपल्याला."

"बरं होनं हीच एक आशा नसती. उद्याच्याला दवाखान्यात कुनीतरी संगं येईल, ही बी आशाच हाय." बाई उठल्या आणि फळ्यावर लिहिलं, 'सोबत'. अंगणवाडीतलं तेच गोल, ठसठशीत अक्षर.

मी टेप काढून कागदावर माप धरलं. तीन अक्षरं, जोडाक्षर एकही नाही. रस्त्याच्या पलीकडून वाचता येईल. तसं मी सांगितलं. त्या मीटिंगमध्ये मी पहिल्यांदाच 'बसेल' म्हणालो.

"पण ताई, तुम्ही स्वतः जिंकलाय," मनाली म्हणाली. "तुम्हाला काय प्रॉब्लेम आहे?"

"मी नाय जिंकले. परत आलंय. मनक्यात."

कोणीतरी बिस्किटांची ताटली बाईंच्या पुढे सरकवली. दोन मिनिटांत नाव मंजूर झालं. जिवावरचं गुपित उघडं केल्यावर मिळालेली मंजुरी ती. मला त्या बिस्किटांचा फार राग आला.

चौथ्या दिवशी मनालीचा मेल आला. होर्डिंगवर फोटो दुसऱ्या बाईंचा. जांभळ्या शर्टांची यादीही सोबत जोडली होती, त्यात फक्त उपचार पूर्ण झालेल्यांची नावं. 'मी जिंकले' पाठीवर होतंच. मी फोन केला.

"सर, कॅटेगरी आहे ना ती," मनाली म्हणाली. "प्लीज समजून घ्या."

मी समजून घेतलं. दोन हजार शर्टांचं काम कोण सोडतो? छापताना चार-दोन शर्ट बिघडतातच. त्यातला एक, 'त' जरा सरकलेला, मी बाईंना नेऊन दिला. त्यांनी तो साडीवरून चढवला आणि आरशात पाहिलं.

फेब्रुवारीत, सकाळी सहाला, गोल्फ क्लब मैदानावर आधी दहा किलोमीटरवाले सोडले, मग पाचवाले, आणि सगळ्यात शेवटी तीन किलोमीटर चालणारे.

"रांग उलटी लावलीय की रं," बाई म्हणाल्या.

"मी आहे ना बाई. तुमच्याबरोबरच चालणार."

मायको सर्कलपर्यंत चाललोसुद्धा. मग धनराज सरांचा फोन आला, स्टेजवर सत्कार आहे, लगेच या. बाई म्हणाल्या, "जा तू. येते मी." खरं सांगायचं तर मला जायचंच होतं. बाईंची चाल फारच हळू होती, आणि सत्कार माझा आजवर कोणी केला नव्हता.

शाल मिळाली, नारळ मिळाला. मनालीने माइकवरून सांगितलं की 'सोबत' हे नाव त्यांच्या टीमला सुचलं. नारळ काखेत धरून मी टाळ्या वाजवल्या. मग पोह्यांच्या रांगेत उभा राहिलो.

बाईंची आठवण झाली तेव्हा शेवटच्या रेषेवरच्या फुग्याच्या कमानीतली हवा काढत होते. लोक पांगले होते. रस्त्याच्या कडेने बाई एकट्या येत होत्या, एक हात कमरेवर, दर खांबापाशी थांबत. टेबल आवरणारी मुलगी म्हणाली, "आजी, मेडल्स संपली."

मी धावत गेलो. बाईंनी माझ्या खांद्यावरची शाल पाहिली. "शोभतीय," म्हणाल्या. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पायरीवर टेकून त्यांनी नंबराच्या पिना काढल्या.

"लांबून वाचता येत व्हतं का रं नाव?"

"येत होतं बाई."

"फुडच्या वर्षी बी हेच ठेवा म्हनावं. मला यायला जमंल का नाय, सांगता येत नाय. माझ्या वाटचं तू भांड."

मी हो म्हणालो.

बाई दिवाळीच्या आधी गेल्या. डिसेंबरात पुन्हा मीटिंग बसली. बाईंच्या खुर्चीवर एका बँकेचे साहेब होते. मनाली म्हणाली, मागचं नाव जरा डल होतं, या वर्षी 'विजयी दौड' करू. सगळ्यांनी माना हलवल्या. मी तोंड उघडणार होतो. शप्पथ, उघडणार होतो. पण यंदा शर्ट तीन हजार होते.

"काय पगारे," धनराज सरांनी विचारलं, "बसेल ना?"

मी खिशातून टेप काढला, माप घेतल्यासारखं केलं आणि म्हणालो, "बसेल सर. अकरा इंचांत आरामात बसेल."