विळ्याचा नंबर

गंगापूर रोडवरच्या त्या ऑफिसात आम्ही सहा जण मिळून एक गेम बनवत होतो. रानात फिरून बिया, औषधी मुळ्या, अवजारं गोळा करणाऱ्या मुलीची गोष्ट. तिच्या पाठीवरची झोळी माझ्याकडे होती, म्हणजे झोळी उघडली की आत काय काय दिसतं तो पडदा मी बनवला होता. गेम सेव्ह करण्याचा भाग आमच्या लीडने, म्हणजे टीमच्या प्रमुखाने, स्वतः लिहिला होता आणि त्याला कुणी हात लावलेला त्याला खपत नसे.

आम्ही ओळखीच्या लोकांना गेम खेळायला दिला, तेव्हा एकच तक्रार परत परत आली. गेम बंद करून दुसऱ्या दिवशी उघडला की झोळी रिकामी. लीडने सगळ्यांसमोर मला उभं केलं. मी रोज सायखेड्याहून, शेतावरच्या घरातून, बसने यायचे, ते धरून म्हणाला, "हिचं अर्धं लक्ष घरच्या कोथिंबिरीत असतं." दोघं हसले. कंपनीचे मालक हसले नाहीत, पण त्यांनी त्याला थांबवलंही नाही. झोळी माझ्याकडून काढून घेतली आणि मला संवादांच्या चुका तपासायला बसवलं.

मी त्याच दुपारी सेव्हची फाइल उघडली. साध्या मजकुराची फाइल, कुणालाही वाचता येईल अशी. विळा तीन, असं काही त्यात नव्हतंच. संख्या तीन होती आणि वस्तूच्या जागी एक लांबलचक नंबर. गेम बंद केला, उघडला, तोच विळा पुन्हा सेव्ह केला. नंबर वेगळा.

दवाखान्यात आज मिळालेला नंबर उद्या दाखवून काय उपयोग? तसंच होतं ते. गेम सुरू झाला की तो ज्यावर चालतो ते इंजिन प्रत्येक वस्तूला त्या वेळेपुरता एक नंबर देतं. लीडच्या कोडने वस्तूची कायमची ओळख न लिहिता तोच नंबर फाइलीत उतरवला होता. पुढच्या वेळी त्या नंबरवर काहीच सापडत नसे आणि त्याचाच कोड अशी जागा रिकामी समजून गाळून टाकत असे. त्याला हे कधी दिसलं नाही, कारण तो गेम बंद न करताच सेव्ह पुन्हा लोड करून बघायचा. तोवर नंबर शाबूत असत.

मी प्रत्येक वस्तूला एक पक्कं नाव दिलं, फाइलीत ते नाव लिहिलं आणि लोड करताना नावावरून वस्तू शोधली. माझ्या मशीनवर झोळी भरलेली राहू लागली. आणि मी कुणाला सांगितलं नाही. चार दिवसांनी बेंगळुरूहून गेम प्रकाशित करणाऱ्या कंपनीच्या बाई येणार होत्या.

त्या दिवशी लीड छान बोलला. सेव्ह केलं, लोड केलं, सगळं जागच्या जागी. बाईंनी मान डोलावली. मी मागच्या खुर्चीवर होते.

"मॅडम, एकदा गेम पूर्ण बंद करून परत उघडून बघा ना," मी म्हणाले.

लीडने माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं नव्हतं, एवढंच कळलं की काहीतरी आहे. बाईंनी गेम बंद केला, उघडला. झोळी रिकामी.

"झोळीचं काम हिचं होतं," तो लगेच म्हणाला.

मी याचीच वाट बघत होते. दोन्ही फाइली मोठ्या पडद्यावर शेजारी शेजारी लावल्या, एकाच विळ्याचे दोन नंबर दाखवले आणि त्या ओळी कुणी लिहिल्या तेही दाखवलं. मग माझी दुरुस्ती चालवली. त्याचे कान लाल झाले. मला फार बरं वाटलं, ते लपवत नाही.

बाईंनी विचारलं, "हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"चार दिवस."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. गेम घेतला त्यांनी, पण तीन महिने उशिरा आणि नवा लीड नेमण्याच्या अटीवर. तो लीड मी झाले नाही. जुना मात्र गेला. तो टेबल आवरत होता तेव्हा मी मुद्दाम समोर उभी राहिले.

माझ्या शेजारी बसणारी चित्रकार, जिने झोळीतल्या एकेका वस्तूचं चित्र काढलं होतं, तिनं त्या चार दिवसांत जेवणाची सुट्टी मोडून, एकदाही बंद न करता, सगळा गेम खेळला होता. जाहिरातीच्या चित्रांसाठी तिला भरलेली झोळी हवी होती. शेवटी गेम बंद केल्यावर तिच्या सेव्हमध्ये नुसत्या संख्या उरल्या होत्या, कशाच्या ते कळायला मार्ग नव्हता. माझी दुरुस्ती पुढच्यासाठी होती, गेलेलं त्यातून परत येणार नव्हतं.

"सूड त्याच्यावर उगवलास," ती म्हणाली, "आणि मेहनत माझी गेली."

मी तिच्यासाठी पुन्हा सगळं गोळा करून द्यायला तयार होते. तिनं नको म्हटलं आणि पहिल्यापासून स्वतःच खेळायला बसली. तिच्याबद्दल मला अजून वाईट वाटतं. त्याच्याबद्दल नाही.