हरलात, आता गाव द्या

हंबीररावांनी घसा खाकरला की घरातली मांजरसुद्धा उठून बाहेर जायची. पहिलं खाकरणं लक्ष वेधायला, दुसरं मान मिळवायला आणि तिसरं, खरंच कफ असायचा.

"हंऽऽ! बसा सगळे. शनिवार आहे."

मंडळी मूळची धारची. देवासच्या घरात खाली हंबीरराव आणि सुभद्राकाकी, वर धाकट्या भावाचं बिऱ्हाड. हंबीरराव वीज कंपनीच्या कचेरीत बाबू. आठवडाभर लोकांच्या तक्रारी हिंदीत ऐकायच्या, उत्तरं हिंदीत लिहायची. शनिवारी संध्याकाळी मात्र भावाची तिन्ही मुलं समोर बसवून मराठी कोडी घालायची. तात्यासाहेब, म्हणजे त्यांचे वडील, असंच करायचे. मुलांची शाळा हिंदीतली, दोस्त हिंदीतले, भांडणंही हिंदीतच. हा तास गेला तर या पोरांच्या तोंडी मराठी उरणार ती फक्त आरतीपुरती, हे हंबीररावांना पक्कं ठाऊक होतं.

आणि तासच धोक्यात होता. मागच्या शनिवारी अकरा वर्षांच्या स्वप्नालीने सरळ सांगितलं होतं, "काकासाहेब, बुरा मत मानना, पण पुढच्या वेळी मजा नाही आली तर आम्ही शनिवारी कॅरम खेळणार." बोर्ड आधीच खाली आणून भिंतीला टेकवून ठेवला होता. बोरिक पावडरचा डबासुद्धा.

हंबीररावांनी बोर्डाकडे पाठ केली. "दोन पाय, चालणं नाही. एक तोंड, गिळणं नाही. फोडून देतो हा, खातं भलतंच कुणी. सांगा!"

सहा वर्षांची चिऊ पायाच्या अंगठ्याशी खेळत होती. पंधरा वर्षांचा राजवीर म्हणाला, "भिया, ये तो आउट ऑफ सिलेबस है."

"भिया? भैया कोणाला म्हणतोस? काकासाहेब आहे मी!"

"सॉरी, काकासाहेब. पण हे आहे काय?"

"अडकित्ता!"

"वो क्या होता है?"

"सुपारी कातरायचा. सरौता रे, सरौता!"

"घरात आहे?"

घरात नव्हता. तात्यासाहेब गेले, पान गेलं, अडकित्ता कुठल्या तरी बोहारणीकडे गेला. जी वस्तू पोरांनी जन्मात पाहिली नाही ती ओळखा म्हणून हंबीरराव त्यांच्यावर डोळे वटारत होते.

स्वयंपाकघरातून सुभद्राकाकींचा आवाज आला, "अहो, लहानाचं आधी घाला. डोळ्यांसमोरचं घाला."

"मला शिकवू नका," हंबीरराव म्हणाले, आणि लगेच डोळ्यांसमोरचं घातलं. "एक बसून राहतो, एक त्याच्यावर लोळतो, दोघांच्या मधे चंद्र वाढतो."

"चकला-बेलन!" स्वप्नाली टुणकन उडाली.

"बाद! मराठीत."

"मराठीत क्या बोलते हैं?"

"ते तू सांगायचंस!"

"पण मी ओळखलं ना!"

"बाद म्हणजे बाद. पोळपाट-लाटणं. पुढचं!"

स्वप्नाली मागे सरकली. सरकली ती नेमकी बोर्डाच्या बाजूला. हंबीररावांनी तिरक्या नजरेने बोर्डाकडे पाहिलं. आता सोपंच हवं.

"चिऊताई, हे तुझ्यासाठी. डोक्यावर टोपी, तोंडाला पट्टा, तापला की मारतो शिट्टी!"

चिऊने तोंड उघडलं, तेवढ्यात राजवीर ओरडला, "ट्रॅफिक पोलीस!"

"अरे, तिचं होतं ना ते! आणि पट्टा कमरेला असतो पोलिसाच्या."

"मास्क असू शकतो. टोपी आहे, शिट्टी आहे, तापतो तर इतका की पूछो मत. फिट आहे, काकासाहेब."

फिट होतं, हीच पंचाईत. ज्या कोड्यात दोन उत्तरं मावतात ते कोडं ढिलं, असं तात्यासाहेब म्हणत. 'पोटात शिजतो भात' एवढी एक ओळ घातली असती तर पोलीस आपोआप बाहेर पडला असता. पण भात घातला की राजवीरच काय, मांजरही ओळखेल. मोठ्याला जमेल ते धाकटीला कळत नाही, धाकटीला जमेल ते मोठा हिसकावून घेतो. कचेरीतले भांडखोर ग्राहक बरे, ते निदान एकाच वयाचे असतात.

चिऊचा ओठ थरथरू लागला. "मला कुकर येत होता."

"मग बोलली का नाहीस?"

"भैयाने बोलू दिलं नाही. और कुकर हिंदी है क्या, मुझे पता नहीं था."

पोरगी उत्तर विसरली नव्हती, बाद व्हायला घाबरली होती. बाजूला स्वप्नालीने कॅरमच्या सोंगट्यांची पिशवी सोडलीही. खळखळ झाली.

"थांबा," ते घाईने म्हणाले. "आता चिऊ घालेल कोडं. मी ओळखणार. मधे कोणी बोलायचं नाही."

चिऊने डोळे पुसले, छताकडे पाहिलं, मग भिंतीकडे. मग, हुबेहूब काकासाहेबांसारखं, घसा खाकरून म्हणाली, "हंऽऽ! दिसत नाही. भिंतीत राहते. आली की सगळे ओरडतात. गेली की पण सगळे ओरडतात."

राजवीर हसून लोळला. हंबीररावांनी मिशीवरून हात फिरवला. "पाल!"

"पाल दिसते ना. और गेली की कोण ओरडतं?"

"मुंगी."

"मुंगीसाठी कोण ओरडतं?"

"चिचुंद्री? ढेकूण? तुझी आजी?"

"आजी भिंतीत राहते?"

प्रत्येक उत्तर पोरगी चारही ओळींना लावून बघत होती आणि फेकत होती. एक ओळ चुकली की बाद. राजवीरने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं, त्याला आलं होतं. स्वप्नालीलाही. सोंगट्यांची पिशवी तशीच मांडीवर पडून होती.

"हरलो, बाई."

"बत्ती!"

खोलीत असा हशा उसळला की काकी लाटणं घेऊनच बाहेर आल्या. "अहो, तीस वर्षं तिथंच नोकरी करताय!"

हंबीररावांचा चेहरा तांबडा झाला. जिभेच्या टोकावर शब्द आला: बाद. बत्ती हिंदी, मराठीत वीज म्हण. एवढं म्हटलं की हार टळत होती. त्यांनी चिऊकडे पाहिलं. ती श्वास रोखून, ओठ आत ओढून, त्याच शब्दाची वाट बघत होती.

"बरोबर," ते म्हणाले. मग चरफडत, "वीजही म्हणतात तिला. पण बरोबर."

"बरोबर?" स्वप्नाली उठून उभी राहिली. "मग माझं चकला-बेलन पण?"

"तेही. पोळपाट-लाटणं म्हणून दाखव, की झालं."

"पोळपाट-लाटणं!"

"आणि हरणाऱ्याने गाव द्यायचं असतं," काकी म्हणाल्या. "तात्यासाहेबांची रीत. तुम्ही पोरांना कधी कोडं घालूच दिलं नाहीत, म्हणून तुमच्यावर गाव द्यायची वेळ आली नाही."

हंबीररावांनी सुस्कारा सोडला. "घे. पीपलरावां."

"तिथे काय आहे?"

"शेतं आहेत."

"नको."

"तिरला घे."

"नको."

"अमझेरा! देवळांसकट."

चिऊने विचार केला. "माझी शाळा कुठे आहे?"

"देवासला."

"देवास द्या."

"सगळं देवास?"

"सगळं. मग मी सोमवारी शाळेला छुट्टी देणार."

"अगं, मग माझी कचेरी?"

"तुमची चालू."

राजवीरने बोर्ड उचलून वर नेला आणि जिन्यातूनच ओरडला, "पुढच्या शनिवारी पहिलं कोडं माझं! मी इंदौर घेणार!"

"इंदूर म्हण, गाढवा," हंबीरराव ओरडले. मग जरा थांबून, हळूच, "इंदौर पण चालेल."